रविवारी रात्री मेस बंद असते

भावी शिक्षकांसाठी असलेल्या गोष्टलेखनाच्या वर्गात मी एक विषय आवर्जून देते: घरातून कॉलेजात पोचलेली पहिलीच मुलगी आणि तिचा वसतिगृहातला पहिला आठवडा. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांच्या कागदावर एकच गोष्ट उतरते. एसटी स्टँड, आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी, रात्री उशीत तोंड खुपसून रडणं, हिणवणारी रूममेट, आणि शेवटी विद्यापीठात पहिला नंबर. लिहिणाऱ्यांचा कळवळा खरा असतो, तरीही गोष्ट पटत नाही. ती का पटत नाही, हे शोधता शोधता लिहिण्याची वाट सापडत जाते.

मी त्यांना एक साधी परीक्षा करायला सांगते. गोष्टीतल्या मुलीचे आईवडील बदलून बघा. तिचे वडील शेतमजूर असतील तर त्यांना डॉक्टर करा आणि गोष्ट पुन्हा वाचा. काहीच बिघडलं नाही, सगळे प्रसंग जसेच्या तसे उभे राहिले, तर ही गोष्ट त्या मुलीची नाहीच. घरची आठवण डॉक्टरांच्या मुलीलाही येते. नवी गादी तिलाही टोचते, रॅगिंगची भीती तिलाही वाटते. घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला यापलीकडे वेगळं काय येतं, ते गोष्टीत यायला हवं.

वेगळं येतं ते असं: कॉलेज नावाच्या जगात कसं वावरायचं, हे सांगणारं घरात कुणी नसतं. पदवीधर आईवडिलांची मुलं वसतिगृहात येतात तेव्हा त्यांनी अर्धं कॉलेज जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं असतं. प्रॅक्टिकलचं जर्नल वेळेवर तपासून घ्यायचं असतं, फॉर्मची झेरॉक्स जवळ ठेवायची असते, सरांना तास संपल्यावर थांबवून शंका विचारलेली चालते. हे कुणी त्यांना शिकवायला बसलेलं नसतं, म्हणून आपल्याला हे माहीत आहे हेही त्यांच्या लक्षात येत नाही. आणि जिला माहीत नाही तिलाही कळत नाही, की असं काही माहीत असायला हवं होतं. तिला वाटतं, कमी आपल्यातच आहे. गोष्ट इथे सुरू होते.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ अँथनी अब्राहम जॅक यांनी तिथल्या एका नामांकित विद्यापीठातल्या गरीब विद्यार्थ्यांशी दीर्घकाळ बोलून 2019 मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्याकडच्या वसतिगृहांशी थेट जुळतात. एक म्हणजे, साध्या सरकारी शाळांतून आलेल्या मुलांना प्राध्यापकांकडे मदत मागायला जाणं अवघड वाटे. मान खाली घालून कष्ट करावेत, कुणाला त्रास देऊ नये, हेच त्यांनी चांगलं वागणं म्हणून शिकलेलं होतं. दुसरी गोष्ट पोटाची. वसंतातल्या सुटीत विद्यापीठाची भोजनालयं बंद होत. सगळी मुलं घरी किंवा फिरायला जातात, असं व्यवस्थेनं गृहीत धरलेलं असे, आणि ज्यांच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसे नसत ती मागे उपाशी राहत. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, तरी जेवणघराच्या वेळापत्रकात ही मुलं कुणी मोजलेलीच नव्हती.

महाराष्ट्रात वसतिगृहांची चळवळ ज्यांनी उभी केली, त्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळानं 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह चालवायला घेतलं. भाऊरावांच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. तिथे मुलाला ताटावर बसवून, तो जेवला की नाही हे पाहणारं माणूस होतं. आजच्या मोठ्या वसतिगृहात ती जागा मेसच्या ठेकेदारानं आणि सूचना फलकानं घेतली आहे. म्हणून गोष्ट लिहायची तर जेवणावरून लिहा, असं मी सुचवते. नियम कुणाला माहीत आहेत आणि कुणाला नाहीत, हे दिवसातून दोनदा, ताटावर, उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आता एक गोष्ट सुरुवातीपासून बांधून पाहू. मुलीचं नाव मनीषा ठेवू. ती बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीतली. आईवडील ऊसतोड कामगार, दोघं मिळून एक कोयता. ती पुण्यात एका कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आली आहे आणि कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहते. महिना ऑगस्टचा.

लिहिण्याआधी या माणसांचं वर्ष माहीत हवं. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. त्याआधी पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. ऑगस्टमध्ये मनीषाची आई दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपायला जात असणार. मनीषाची फी भरली ती उचलीतून. एवढं समजलं की गोष्टीला मागची बाजू मिळते: मुलगी जे शिकायला आली आहे त्याची किंमत आईवडिलांनी अजून मोजलेली नाही, ते पुढचे पाच-सहा महिने मोजणार आहेत. दिवाळीच्या सुटीत मेस बंद होईल, मुली गावी जातील, तेव्हा मनीषाच्या घराला कुलूप असू शकतं. हे गोष्टीत सांगायचंच असं नाही. पण लिहिणाऱ्याला ते माहीत असलं, तर मनीषा 20 रुपये कसे खर्च करते तेही बरोबर लिहिलं जातं.

पुढचं काम आठवड्याची यादी करण्याचं. खरोखर काय काय घडतं? वसतिगृहाच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय आणि पुण्यातल्या स्थानिक पालकाची सही मागितलेली असते. पुण्यात ओळखीचं कुणी नसलेली मुलगी ही सही कुणाची आणणार? कॉट मिळते, गादी, बादली आणि कुलूप स्वतः आणायचं असतं. बाहेर जाताना नोंदवहीत वेळ लिहायची. रात्री हजेरी. मेसची अनामत आणि महिन्याचे पैसे आगाऊ. प्रॅक्टिकलला एप्रन. आणि रविवारी, पुण्यातल्या कितीतरी मेसमध्ये असते तशी, दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद.

यातलं प्रत्येक काही गोष्टीचं बीज होऊ शकेल, आणि म्हणूनच सगळं घातलं की गोष्ट बुडते. दीड हजार शब्दांच्या कथेत सात दिवसांना सारखी जागा दिली तर रोजनिशी तयार होते. मी एकच नियम निवडायला सांगते. इथे आपण निवडू: मेसमध्ये पोळी मागून घ्यायची असते. मनीषाच्या घरी आई वाढते, आणि दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलं तर मागायचं नसतं, यजमान आग्रह करतो. मेसमध्ये आग्रह करणारं कुणी नाही. पहिल्यांदा ताटात दोन पोळ्या येतात, पुढच्या हव्या असतील तर ताट घेऊन उठायचं. पैसे भरलेलेच आहेत. हे इतर मुलींना इतकं उघड वाटतं की सांगायचं कुणाला सुचत नाही. मनीषाला वाटतं, वाट्याला दोनच आहेत. ती आठवडाभर दोन पोळ्यांवर उठते.

या एका नियमामुळे तीन दिवस आपोआप निवडले जातात. सोमवारी ती येते आणि दोन पोळ्या जेवून उठते. गुरुवारी प्रॅक्टिकलमध्ये तिला एक पायरी कळलेली नसते. मॅडम ‘काही शंका?’ असं विचारतात आणि ती गप्प राहते. रविवारी दुपारी फीस्ट असते, आणि रात्री मेसला कुलूप. गुरुवारचा प्रसंग ताटाशी नातं सांगतो, पण ते नातं लेखकानं उच्चारायचं नाही. जिनं पोळी मागितली नाही तिनं शंकाही विचारली नाही, हे वाचणाऱ्याला स्वतः जोडू द्यावं.

रविवारचा प्रसंग पहिल्या खर्ड्यात साधारण असा येतो: ‘मेस बंद पाहून मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण किती गरीब आहोत, याची तिला तीव्र जाणीव झाली. या श्रीमंत मुलींच्या जगात आपल्याला जागा नाही, असं तिला वाटलं.’ यात भावनेची नावं आहेत, प्रसंग नाही. मनीषानं काय केलं, कुणाशी काय बोलली, हातात किती पैसे होते, यातलं काही आपल्याला कळत नाही. शिवाय एका बंद दारावरून ती स्वतःच्या गरिबीवर निबंध लिहायला लागते, जे भुकेलेलं माणूस करत नाही. तोच प्रसंग पुन्हा लिहिला तर असा होऊ शकतो:

‘आठ वाजता ती वाटी-चमचा घेऊन खाली उतरली. मेसचा दिवा बंद होता. दाराला कुलूप. आपल्याला उशीर झाला असेल म्हणून तिनं घड्याळ पाहिलं, तर रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधीच आली होती. जिन्यावरून तिघी जणी खाली आल्या, बाहेरचे कपडे घातलेल्या. त्यातली श्रुती तिच्या खोलीतलीच.

“अगं, तू तयार नाही झालीस? डोसा खायला चाललोय. संडे आहे ना.”

“माझं झालंय,” मनीषा म्हणाली. वाटी तिनं ओढणीखाली धरली होती.

“दुपारचं जड झालं ना? मला पण. तरी चाललेय.” श्रुती हसली आणि नोंदवहीत वेळ लिहायला वाकली.

खोलीत येऊन तिनं पाकीट उघडलं. 200 रुपये. एप्रन 180चा होता. दुपारच्या फीस्टमध्ये मावशी गुलाबजाम वाढत पुढे गेल्या होत्या, पुऱ्यांची परात टेबलावरच होती, आणि ती दोन पुऱ्या खाऊन उठली होती. तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं. मग फोन वाजला.

“काय करायलीस गं?”

“काही नाही. अभ्यास.”

“जेवलीस का?”

“हो.”

“काय होतं?”

मनीषानं खिडकीबाहेर पाहिलं. “डोसा,” ती म्हणाली.

“बरं झालं,” आई म्हणाली. “आज पाऊस व्हता. खुरपायला गेलोच नाही. आरामच केला दिवसभर.”

आईच्या मागून भांडी घासल्याचा आवाज येत नव्हता. वारा येत होता, आणि दूर कुणीतरी बैलाला हाक मारत होतं.’

यात काय केलं आहे ते पाहू. श्रुती वाईट नाही. तिनं बोलावलं, चौकशी केली, आणि ‘माझं झालंय’ याचा स्वतःच्या अनुभवातून निघणारा अर्थ लावला. पहिल्या खर्ड्यातली हिणवणारी रूममेट इथे आली असती तर दोष तिच्यावर गेला असता, आणि वाचणारा नियमाकडे पाहायचा राहिला असता. श्रुतीचा चांगुलपणा कायम ठेवला की अडचण कुठे आहे ते स्पष्ट दिसतं: सगळे चांगले असूनही कुणी सांगितलेलं नाही.

दुसरं, खोटं दोन्ही बाजूंनी बोललं जातं. मुलगी डोसा खाल्ल्याचं सांगते, आई आराम केल्याचं. आईच्या मागचा वारा आणि बैलाची हाक सांगतात की ती रानात आहे. ‘आई खोटं बोलत होती’ असं वाक्य लेखकानं जोडलं, तर दोघींमधली माया लगेच पुसली जाते. मुलांना मी नेहमी सांगते, फोनचा प्रसंग लिहिताना कोण काय लपवतंय हे आधी ठरवा आणि मग ते लपवू द्या.

तिसरं, पैशाचा आकडा एकदाच येतो आणि लगेच त्याचं काम संपतं. 200 वजा 180. मनीषाकडे डोशाइतके पैसे का नाहीत, याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

आता सुरुवातीची परीक्षा इथे लावा. मनीषाचे वडील डॉक्टर केले तर काय उरतं? दोन पुऱ्यांवर उठणं कोसळतं, कारण त्या मुलीनं आधी एखादी मेस किंवा बुफे पाहिलेला असतो, नाहीतर ती घरी फोन करून विचारते. आईचं खोटं कोसळतं. गोष्ट त्याच घरातल्या मुलीची आहे, हे यावरून ठरतं. उलट बाजूनंही एक सावधगिरी हवी: गावाकडून आलेला प्रत्येक जण मनीषा नसतो. नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (1963) नायक खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात येतो, पण तो खात्यापित्या घरातला मुलगा आहे, आणि त्याच्या वाट्याला येणारं तुटलेपण निराळं आहे. आदिवासी पाड्यावरून आलेल्या मुलासमोर मराठी हीच परकी भाषा असू शकते. म्हणून कुठलं घर, कुठला तालुका, कुठला हंगाम, हे ठरल्याशिवाय नियम निवडू नये.

शेवट कसा करायचा? पहिला नंबर येणं बाद, कारण आठवड्यात तो येत नाही. मनीषा श्रुतीजवळ मन मोकळं करते आणि दोघी मैत्रिणी होतात, हाही सोपा रस्ता आहे. तोही सोडावा, कारण बोलून दाखवता आलं असतं तर ती उपाशी राहिलीच नसती. मी असा शेवट सुचवते: सोमवारी सकाळी नाश्त्याला मनीषा नुसती बघते. तिच्या पुढची मुलगी ताट घेऊन उठते, मावशी न बघता पोळी टाकतात, मुलगी परत येऊन बसते. कुणी वर पाहत नाही. मनीषा ताट उचलते. ती पोळी मिळते की नाही ते लिहिलं नाही तरी चालेल, कारण नियम तिला कळला हे वाचणाऱ्याला कळलेलं असतं. तो तिला कुणी सांगितला नाही, तिनं आठवडाभर उपाशी राहून आणि निरखून शिकला, एवढं त्यातून उरायला हवं.

अशी गोष्ट शिक्षणाच्या अभ्यासक्रमात का लिहून घ्यायची, याला एक ठोस आधार आहे. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला प्रयोग प्रसिद्ध केला. नव्या विद्यार्थ्यांच्या दोन गटांना वरच्या वर्गातल्या मुलामुलींचे अनुभव ऐकवले. एका गटाला नुसता सल्ला मिळाला: अभ्यास असा करा, मदत मागा. दुसऱ्या गटात तोच सल्ला घराशी जोडलेला होता: आमच्या घरी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं, म्हणून मला हे माहीत नव्हतं, मग मी असं केलं. वर्षाच्या शेवटी दुसऱ्या गटात पहिल्या पिढीच्या मुलांचे आणि इतरांचे गुण यांतलं अंतर बरंच कमी झालं होतं, आणि ही मुलं मदत मागायलाही जास्त जात होती. एका विद्यापीठातला हा प्रयोग आहे, त्यावरून आपल्या प्रत्येक वसतिगृहाचं भाकीत करता येत नाही. पण अडचणीचं मूळ मुलाच्या कुवतीत नसून त्याच्या घराच्या इतिहासात आहे, हे गोष्टीतून ऐकणं आणि नुसता सल्ला ऐकणं यात फरक पडतो, एवढं त्यातून दिसतं.

म्हणून गोष्ट वाचून झाल्यावर मी वर्गाला दोनच प्रश्न विचारते. मनीषाला हे कुणी सांगायला हवं होतं? आणि कधी? सुरुवातीला उत्तरं तिच्याकडेच बोट दाखवतात: तिनं धीर करायला हवा होता, तिनं विचारायला हवं होतं. हळूहळू कुणीतरी म्हणतं, पोळी मागून घ्यावी आणि रविवारी रात्री मेस बंद असते, हे फॉर्मच्या पाठीमागे छापायला काय हरकत आहे? कुणी म्हणतं, पहिल्या दिवशी वरच्या वर्गातल्या एका मुलीनं नव्या मुलीबरोबर जेवायला बसावं. स्थानिक पालकाची सही नसेल तर काय करायचं, तेही तिथेच लिहावं. चर्चा इथवर आली की गोष्टीनं आपलं काम केलं असं मी समजते. ती वाचून कुणी नुसतं ‘बिचारी’ म्हणालं, तर मी ती पुन्हा लिहायला देते.